केस-उत्तरात संदर्भ कसा शोधावा: पुणे आणि स्टुटगार्ट यांच्यातील एक बैठक

हिंजवडीत जर्मन ग्राहकांसोबत काम केल्यानंतर मी आता व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांची केस-उत्तरे तपासतो. ‘जर्मन माणसे स्पष्ट बोलतात, भारतीय आडवळणाने बोलतात’ एवढे लिहून बहुतेक उत्तरे थांबतात. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये मांडलेला संदर्भ-शैलीचा विचार माणसांच्या स्वभावाबद्दल नाही. निरोपातील किती अर्थ शब्दांत असतो आणि किती अर्थ नाते, प्रसंग व आधीची माहिती यांवर सोडलेला असतो, हा त्याचा प्रश्न आहे. निम्न-संदर्भ शैलीत शब्दांवर भर असतो, उच्च-संदर्भ शैलीत परिस्थितीवर.

सरावासाठी मी देतो ती केस अशी आहे. बुधवारच्या ऑनलाइन बैठकीत स्टुटगार्टचा प्रकल्पप्रमुख विचारतो, “चाचणी अहवाल शुक्रवारी मिळेल ना?” पुण्याची टीम लीड सांगते, “काम सुरू आहे, पण चाचणीचा सर्व्हर अजून दुसऱ्या प्रकल्पाकडे आहे.” पुण्याच्या वरिष्ठ व्यवस्थापकांसह सगळे गप्प राहतात आणि बैठक पुढे सरकते. शुक्रवारी अहवाल जात नाही, आणि ग्राहक लेखी तक्रार करतो.

चांगले उत्तर तक्रारीपासून नव्हे, त्या एका वाक्यापासून सुरू होते. टीम लीडच्या दृष्टीने तिने नकार दिलेला आहे, कारण सर्व्हरशिवाय चाचणी होत नाही हे ऐकणाऱ्याला समजेलच, असे ती धरून चालते. जर्मन प्रमुखाला मात्र त्यात एक अडचण ऐकू येते, तारीख बदलल्याचे कुठेच ऐकू येत नाही. तारीख बदलायची असती तर तसे सांगितले असते, असे तोही तितक्याच प्रामाणिकपणे धरून चालतो. दोघांची ही गृहीतके शेजारी-शेजारी मांडली की विश्लेषणाचा गाभा तयार होतो.

त्यानंतर मात्र संस्कृतीखेरीज दुसरे कारण तपासावे लागते, आणि हीच पायरी सर्वाधिक गाळली जाते. वरिष्ठ व्यवस्थापक बैठकीत नसते, तर टीम लीड अधिक स्पष्ट बोलली असती का? केसमध्ये ती सहकाऱ्यांशी थेट बोलताना दिसत असेल, तर मुख्य कारण पदांची उतरंड आहे, संदर्भ-शैली दुय्यम आहे, आणि उत्तरात तसे लिहावे.

येथे एक भेदही लक्षात ठेवावा. निम्न-संदर्भ असणे म्हणजे टीका थेट करणे नव्हे. अमेरिकी सहकारी माहिती अगदी स्पष्ट देतात, पण दोष दाखवताना बऱ्याचदा आधी कौतुक करतात. त्यामुळे जर्मन आणि अमेरिकी यांना एकाच साच्यात बसवलेले उत्तर कच्चे ठरते.

‘संवाद वाढवावा’ हा उपाय मला मान्य नाही, कारण त्याने बैठकीत काहीच बदलत नाही. प्रमुखाने हो-नाहीचा प्रश्न सोडून “शुक्रवारची तारीख कशामुळे चुकू शकते?” असे विचारावे. पुण्याच्या बाजूने अडचणीसोबत तिचा तारखेवरील परिणाम त्याच वाक्यात सांगावा: “सर्व्हर गुरुवारी दुपारपर्यंत मिळाला नाही, तर अहवाल मंगळवारी येईल.” बैठकीचे टिपण त्याच दिवशी दोन्हीकडे जावे आणि त्यात प्रत्येक कामापुढे तारीख व जबाबदार व्यक्तीचे नाव असावे.

समोर स्टुटगार्टऐवजी ओसाका असेल, तर दोन्ही बाजू उच्च-संदर्भ म्हणून काम सोपे होईल, असे मानू नये. दोघेही बरेच काही न बोलता सोडतात, पण सोडलेला भाग समजून घेण्यासाठी लागणारी पूर्वपीठिका दोघांची वेगळी असते. म्हणून तिथे लेखी टिपणाची गरज अधिक भासते.