एकच साडी, तीन रूपं: आधी सुटा पदर, चुण्या शेवटी

रूप बदलत जाणाऱ्या ट्रान्सफॉर्मेशन शॉर्ट व्हिडिओसाठी दर वेळी साडी पूर्ण सोडून नेसली की तास जातो, आणि निऱ्या दर कटला वेगळ्या दिसतात. म्हणून निऱ्या एकदाच घट्ट खोचा आणि फक्त पदर बदला.

१. सुटा पदर डाव्या खांद्यावरून हातावर सोडा. हे सगळ्यात आधी, कारण एकदा चुण्या घातल्या की कॉटनवर त्यांच्या घड्या राहतात आणि सुटा पदर चुरगळलेला दिसतो.
२. तोच पदर पाठीमागून उजव्या खांद्यावर पुढे घ्या, टोक डाव्या कमरेला खोचा. काठ छातीवर पूर्ण उघडतो. भरजरी पदराला हेच रूप खुलतं.
३. शेवटी पदराच्या चार-पाच बोटं रुंद चुण्या, डाव्या खांद्यावर पिन, कमरेला पट्टा.

फोन स्टँडवर ठेवून एक्स्पोजर लॉक करा, पायांच्या जागी चिकटपट्टी लावा. प्रत्येक रूपाच्या शेवटी पदर डावीकडून उजवीकडे लेन्ससमोरून फिरवा. पुढचं रूप त्याच दिशेने पदर बाजूला करत सुरू करा. स्क्रीन कापडाने पूर्ण भरते तिथेच कट. दिशा उलटली की झटका लगेच जाणवतो.

गाण्याचा वेग मिनिटाला १२० ठोके असेल, तर चार ठोके म्हणजे २ सेकंद. एका रूपाला तेवढे पुरेत.

रेशमी साडीला पिन लावताना आधी पिनेत एक मणी ओवा, नाहीतर पिनेच्या गोल टोकात धागे अडकून कापड फाटतं.