बॉर्न-हेबर सायकल: माझं उत्तर ९०७ आलं आणि बरोबर वाटलं

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला मीठ म्हणजे NaCl ची लॅटिस एनर्जी काढायचा प्रॉब्लेम आला होता, मी ९०७ काढली आणि खुशाल पुढे गेलो. खरं उत्तर ७८६ किलोज्यूल पर मोल. नव्याने शिकणाऱ्यांची चूक बहुतेक याच जागी होते म्हणून नीट सांगतो.

लॅटिस एनर्जी म्हणजे एक मोल घन मीठ फोडून Na⁺ आणि Cl⁻ हे आयन वायुरूपात सुटे करायला लागणारी ऊर्जा. ती थेट मोजणं अवघड, म्हणून वळसा घालून जायचं. आधी मीठ मोडून परत सोडियम धातू आणि क्लोरीन वायू करा, त्याला ४११ लागतात (तयार होताना तेवढे बाहेर पडतात ना, म्हणून). मग सोडियमचं सब्लिमेशन १०७, त्यातून इलेक्ट्रॉन काढायला ४९६, क्लोरीनचा एक अणू सुटा करायला १२१, आणि तो अणू इलेक्ट्रॉन घेतो तेव्हा ३४९ परत मिळतात. ४११ + १०७ + ४९६ + १२१ − ३४९, झाले ७८६.

मी कुठे घसरलो तर १२१ च्या जागी २४२ घेतले. टेबलमध्ये Cl₂ चा बॉन्ड तोडायची ऊर्जा २४२ दिलेली असते, पण त्यातून दोन अणू निघतात आणि NaCl ला एकच लागतो, म्हणून अर्धी. ३४९ चं चिन्ह चुकलं तर उत्तर १४८४ येतं, आणि ते लगेच खटकतं कारण अल्कली हॅलाइड्समध्ये सगळ्यात जास्त असलेलं LiF सुद्धा हजाराच्या जरासंच वर जातं. पण ९०७ खटकत नाही, तीच खरी पंचाईत. ते पकडायचं असेल तर शेजारी NaF ठेवून बघा, त्याची साधारण ९२० च्या आसपास आहे, आणि क्लोराइड आयन फ्लोराइडपेक्षा चांगलाच मोठा, म्हणजे अंतर वाढलं, ओढ कमी झाली, मग NaCl ची जवळपास तेवढीच कशी असेल?

आता MgCl₂ करताना हीच सवय उलटी अंगाशी येते, कारण इथे क्लोरीनचे दोन अणू लागतात, म्हणजे २४२ पूर्ण घ्यायचे आणि ३४९ दोनदा वजा करायचे. शिवाय मॅग्नेशियमची दुसरी आयनायझेशन एनर्जी १४५१ म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉनची मिळून नाही हं, ती फक्त दुसऱ्याची, पहिल्याचे ७३८ वेगळे. ६४१ + १४८ + ७३८ + १४५१ + २४२ − ६९८ = २५२२. तुमचं १७८४ आलं असेल तर ते ७३८ राहिलेत.