गेमसाठी संगीत करताय? सिनेमाच्या या सवयी आधी सोडा

कोल्हापुरात शॉर्ट फिल्मला पार्श्वसंगीत देणाऱ्या पोरांची कमी नाही. हल्ली त्यातलीच काही जण मोबाइल गेमची कामं घेतात आणि मिक्सिंगला माझ्याकडे येतात. हात चांगले, कान चांगले, पण चुका सगळ्यांच्या त्याच. त्याच त्या परत परत सांगून कंटाळा आला, म्हणून लिहून टाकतोय.

सिनेमात संपादन पक्कं झालं की मग आपण बसतो. दार 1 मिनिट 14 व्या सेकंदाला उघडणार, म्हणजे ते तिथंच उघडणार. गेममध्ये वेळ खेळणाऱ्याच्या हातात असते. तो चार सेकंदांत दार उघडेल, नाहीतर मध्येच चहा प्यायला उठून जाईल. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, फक्त फाइलमध्ये दिसत नाही.

लूपमध्ये क्लायमॅक्स

इंजिनिअरिंगच्या काही पोरांनी कुस्तीचा गेम केला होता. संगीत त्यांच्याच मित्राचं. तालमीतल्या सरावाचा तुकडा लूपचा, म्हणजे संपला की परत पहिल्यापासून वाजणारा; मिनिटाला 96 मात्रांच्या लयीत, चार मात्रांचे 16 बार, म्हणजे बरोबर 40 सेकंदांचा. तंबोऱ्यानं सुरुवात, मग हलगी, मग घुमकं, छत्तिसाव्या सेकंदाला तुतारी आणि शेवटी सगळं हळूहळू विरत जाणार. एकदा ऐकलं तर अंगावर काटा यावा असं. "दादा, लय भारी वाटतंय की," असं तो म्हणाला, आणि एकदा ऐकायला होतंच भारी.

मग मी गेम सुरू करून पैलवानाला नुसता उभा ठेवला. तालमीत माणूस पाच-सहा मिनिटं सहज काढतो. जोर मारायचे, खुराक निवडायचा, जोड बघायची. तेवढ्यात तुतारी आठ-नऊ वेळा वाजते, आणि पडद्यावर गडी लंगोट निवडत असतो. तिसऱ्या तुतारीला हसू येतं, पाचव्याला माणूस आवाज बंद करतो.

चढ आणि उतार लूपच्या आत लिहायचाच नसतो. तो गेमच्या हातात द्यायचा. खासबागेच्या कुस्ती मैदानात हलगीवाला काय करतो ते बघा. कुस्ती किती वेळ चालणार हे त्याला ठाऊक नसतं. गडी एकमेकांना जोखत फिरत असतील तर तो साधा ठेका धरून राहतो आणि पट निघाला की हात तापवतो. आम्ही त्याच 40 सेकंदांचे तीन थर केले: तंबोरा आणि हलका ठेका, त्यावर हलगी, त्यावर घुमकं. तिन्ही फाइली एकाच लांबीच्या, एकाच क्षणी सुरू होणाऱ्या. तालमीत पहिलाच ऐकू येतो, आखाड्यात उतरलं की दुसरा, अंगाला अंग भिडलं की तिसरा. तुतारी लूपमधून काढली आणि चितपट झाल्यावरच वाजणारा वेगळा तुकडा केला.

इथं एक मेख आहे. वरचे थर गरज पडेल तेव्हा सुरू करायचे नाहीत. ते पहिल्यापासून आवाज शून्यावर ठेवून वाजत राहिले पाहिजेत, आणि गेमनं फक्त आवाज वरखाली करायचा. प्रोग्रॅमर पोरं मेमरी वाचवायला ‘लागेल तेव्हा प्ले’ करतात, मग हलगी अर्धी मात्रा मागं पडते आणि दोष संगीतकाराला लागतो. स्वस्त फोनवर सात-आठ थर एकत्र वाजवणं जड जातं हे खरं, म्हणून मी तीन-चारच्या वर जात नाही.

सांध्यावरचा ‘टक्’

दुसरी चूक मला जास्त चीड आणते, कारण ती निव्वळ घाईची आहे. त्याच गेममध्ये दर 40 सेकंदांनी एक बारीक अडखळ यायची. पोरं प्रोग्रॅमरच्या मागं लागली होती. फाइल होती एमपीथ्री. एमपीथ्री करताना आवाजाच्या सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते आणि शेवटचा तुकडा पूर्ण करायला मागंही भर पडते. गाणं ऐकताना ते कळत नाही, पण लूपमध्ये प्रत्येक फेरीला ठेका तेवढा अडतो. मी वेव्ह फाइल मागितली, तर पठ्ठ्यानं तीच एमपीथ्री वेव्हमध्ये बदलून पाठवली. शांतता अर्थातच तशीच आत. ओळखायचं कसं? फाइलची सुरुवात पूर्ण झूम करा. पहिल्या ठोक्याआधी वीस-पंचवीस मिलिसेकंदांची सपाट रेघ दिसली की समजा, ती एमपीथ्रीतूनच आली आहे. मूळ प्रोजेक्टमधून वेव्ह काढा आणि गेममध्ये लहान फाइल हवी असेल तर ऑग व्हॉर्बिस वापरा.

अडखळ गेली, तरी सांधा कळतच होता. कारण रिव्हर्ब, म्हणजे ठोक्यामागं रेंगाळणारा घुमारा. सोळावा बार संपताना घुमक्याची आस अजून हवेत असते. फाइल तिथं कापली की ती तुटते आणि पहिला बार कोरडा ठणठणीत सुरू होतो. यावर पोरं शेवटी फेड लावतात. फेड म्हणजे सांध्यावर खड्डा. माझी सवय अशी: तेच 16 बार प्रोजेक्टमध्ये दोनदा ठेवायचे आणि फक्त दुसरी फेरी, म्हणजे 17 ते 32 हे बार, बाहेर काढायची. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल काढताना `Time selection` निवडायचं आणि `Tail` ची खूण काढायची. मग पहिल्या ठोक्याखाली आधीच्या फेरीची आस आपोआप येते. तोटा एकच. गेम सुरू झाल्यावर पहिल्यांदा वाजताना ती आस कुठूनतरी आल्यासारखी वाटते. कान टोचत असेल तर पहिली फेरीही वेगळी काढा. ती एकदा वाजवून मग लूपवर जायचं.

बदलाची वाट

त्या पोरानं पुढच्या भागावर जायचा बदल आठ बारांच्या शेवटी लावला होता, कारण तिथं सूर सुंदर मिटतो. आठ बार म्हणजे 20 सेकंद. कुस्ती बाराव्या सेकंदाला निकाली निघाली आणि विजेत्याला खांद्यावर घेतलं तरी सराव-संगीतच वाजत राहिलं. हे दुखणं जुनं आहे. लुकासआर्ट्स या गेम कंपनीच्या मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी 1991 च्या ‘मंकी आयलंड 2’ मध्ये आयम्यूज ही प्रणाली याचसाठी वापरली: योग्य जागा येईपर्यंत थांबायचं आणि मगच वळायचं. प्रश्न फक्त किती थांबायचं हा.

मी थराचा बदल पुढच्या बारला ठेवतो, म्हणजे या लयीत जास्तीत जास्त अडीच सेकंद. गेममध्ये आवाज बसवायच्या वाइज या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय `Next Bar` नावानं दिसतो. तेवढाही उशीर जाणवतो, म्हणून पुढच्याच मात्रेला, सुमारे 0.6 सेकंदात, हलगीची एक थाप सोडतो. कानाला उत्तर लगेच मिळतं आणि मोठा बदल मागून आला तरी चालतो. खाली उतरताना मात्र घाई नको. खेळणारा प्रतिस्पर्ध्याजवळ आत-बाहेर करत असेल तर घुमकं नळासारखं चालू-बंद होतं. लांब गेल्यावर आठ-दहा सेकंद धीर धरा, मग थर उतरवा.

बाकीच्या बारीकसारीक: तुतारीचा तुकडा लूपच्या सुरातच हवा, कारण तो कुठल्या बारवर पडेल ते सांगता येत नाही. थर एकेकटे आणि प्रत्येक जोडीत ऐका. आणि लूप कमीत कमी दहा मिनिटं, दुसरं काही काम करत, चालू ठेवून ऐका. हेडफोन लावून तीन फेऱ्या ऐकून "झालं की दादा" म्हणणाऱ्यांची फाइल मी हल्ली उघडतच नाही.