आलेख कानांनी वाचताना

अभ्यासाच्या स्लाइड मी जशाच्या तशा वाचून रेकॉर्ड केल्या, पण बसमध्ये ऐकताना काहीच लक्षात राहीना. मुद्दे तुटक होते आणि ‘इथे पाहा’ म्हटलेला आलेख समोर नव्हता.

मग चेतापेशीतल्या क्रियाविभवाचा, म्हणजे संदेश जाताना पेशीच्या विद्युत विभवात क्षणभर होणाऱ्या चढउताराचा, आलेख गोष्टीसारखा लिहिला: “पेशी शांत आहे, उणे 70 मिलिव्होल्टवर. उणे 55 च्या आसपास पोचताच सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो आणि विभव अधिक 30 पर्यंत चढतं. आता ते खाली कसं येईल?” इथे पाच सेकंद शांतता ठेवली. मग उत्तर: “सोडियमची दारं बंद होतात, पोटॅशियम बाहेर पडतो.”

ती शांतता फार मोलाची; तेवढ्यात मी स्वतः उत्तर देते. अडखळले, तर घरी तीच स्लाइड उघडते. लांबलचक तक्ते मात्र कागदावरच ठेवलेत.