४.२ जीबीची फाइल पेन ड्राइव्हवर जाते की नाही? जीबीचे एमबी करताना या चुका टाळा

लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावायचा असतो, फाइल ४.२ जीबी, आणि पेन ड्राइव्ह FAT32 मध्ये फॉरमॅट केलेला. मॅकवर ४.२ जीबी दिसणारी एकाची फाइल कॉपी होते, विंडोजवर ४.२ जीबी दिसणारी दुसऱ्याची फाइल टाकताना "फाइल फार मोठी आहे" असा एरर येतो, मग सगळे पेन ड्राइव्हला दोष देतात. पण पेन ड्राइव्ह ठीक आहे, दोघांचा ४.२ जीबी वेगळा आहे.

विंडोज बाइट्सना तीनदा १०२४ ने भागतं आणि पुढे GB लिहितं. मॅक २००९ च्या स्नो लेपर्डपासून १००० ने भागतो आणि तोही GB च लिहितो. खरंतर १०२४ वाल्या हिशोबाला १९९८ मध्येच GiB, MiB अशी वेगळी नावं दिली गेली, विंडोजने ती घेतलीच नाहीत, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे.

आता हिशोब बघा. FAT32 वर एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइट्सची चालते, म्हणजे १०२४ च्या हिशोबाने ४ जीबीला एक बाइट कमी.

```
मॅक:    4.2 × 1000 = 4200 MB     (मर्यादा सुमारे 4295)
विंडोज: 4.2 × 1024 = 4300.8 MB   (मर्यादा 4096)
```

म्हणून मॅकवाली फाइल बसते, विंडोजवाली नाही. तीच मॅकवाली फाइल विंडोजवर उघडून बघितली तर ३.९१ जीबी दिसेल, ती लहान झालेली नसते, काही गहाळही झालेलं नसतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मॅकवरचा आकडा घेऊन १०२४ ने गुणणं. ४३००.८ येतात, मर्यादेपेक्षा जास्त वाटतात, आणि लोक चांगला व्हिडिओ उगाच कॉम्प्रेस करून त्याची क्वालिटी घालवतात. आकडा ज्या सिस्टीमवर दिसला तिच्याच हिशोबाने गुणा, आणि मर्यादासुद्धा त्याच हिशोबातली घ्या.

दुसरी चूक, गोल केलेल्या आकड्यावर भरवसा ठेवणं. विंडोजवर ४.०० जीबी दिसतंय म्हणजे बसेल असं नाही, एक बाइट जास्त असला तरी अडतं. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक करून Properties, मॅकवर Get Info उघडा, तिथे पूर्ण बाइट्स लिहिलेले असतात, तेच वरच्या मर्यादेशी ताडून बघा. विंडोजवर Size ची ओळ वाचा, Size on disk ची नको, कारण ती डिस्कवर अडलेली जागा सांगते.

आणि बाइट्स खरंच जास्त निघाले तर पेन ड्राइव्ह exFAT मध्ये, म्हणजे ही मर्यादा नसलेल्या प्रकारात, फॉरमॅट करावा लागेल, त्यात आतलं सगळं पुसलं जातं म्हणून आधी बॅकअप घ्या, आणि जुना टीव्ही exFAT वाचतो का तेही आधी बघून घ्या, नाहीतर फाइलचे दोन भाग करणंच बरं.