जिमची ‘मित्र आणा’ योजना : मेसेज आणि नियम लिहिताना या चुका टाळा

‘एक मित्र आणा, एक महिना फ्री मिळवा.’ तालुक्याच्या जिममध्ये भिंतीवर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर हेच वाक्य असतं, आणि पुढची सगळी भांडणं त्यातूनच निघतात. मित्र ‘आणला’ म्हणजे नक्की काय झालं, हेच त्यात लिहिलेलं नसतं. तो बघायला आला तेव्हा, नाव नोंदवलं तेव्हा, की फी भरली तेव्हा?

समजा महिन्याची फी ६०० रुपये आहे. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मेंबर चार मित्र घेऊन आला. चौघांनी एकेक महिना भरला, म्हणजे २४०० आले. मेंबरला चार महिने फ्री दिले, म्हणजे २४०० गेले. मैदानी चाचणी झाली की चौघंही यायचे बंद. आपल्याकडे भरतीची पोरं अशीच थोड्या दिवसांसाठी येतात, म्हणून बक्षीस पहिल्या फीला बांधू नका. मित्राने दुसऱ्या महिन्याची फी भरली की मेंबरचे १५ दिवस वाढतील, असं लिहा. आता मित्रामागे १२०० येतात आणि जातात ३०० चे दिवस.

दुसरी चूक म्हणजे मित्राचा फायदा न सांगणं. मेसेज वाचणारा तो असतो, आणि ‘याला फ्री मिळावं म्हणून मी कशाला येऊ’ असं त्याला वाटणारच. त्याचे प्रवेशाचे २०० रुपये माफ करा. मेसेज मालकाच्या नव्हे, मेंबरच्या तोंडचा हवा:

‘भाऊ, मी जातो त्या जिममध्ये तू बी ये. पहिले दोन दिवस फुकट करून पाय. प्रवेश घेताना माहं नाव सांगजो, २०० रुपये वाचतील. महिन्याची फी ६००. ऑफर ३१ तारखेपर्यंत.’

‘माहं नाव सांगजो’ हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं. ते गाळलं की आठवड्याने दोन मेंबर एकाच पोरावर हक्क सांगतात. नियम असा ठेवा: प्रवेशाच्या फॉर्मवर मित्राने स्वतः लिहिलेलं एकच नाव धरलं जाईल, नंतर बदलणार नाही. गेल्या सहा महिन्यांत मेंबर असलेला माणूस नवा मित्र धरू नका, नाहीतर लोक फी थकवून ‘नव्याने’ येतात. दिवसांऐवजी रोख मिळणार नाही, हेही लिहा.

मेंबरकडून मित्रांचे नंबर मागू नका. महिलांच्या बॅचला तर अजिबातच नाही. नंबर बाहेर गेला असं एकीला जरी वाटलं, तरी तिच्या ओळखीतल्या बाया येणार नाहीत. मेसेज मेंबरनेच पाठवावा आणि फोन मित्राने करावा.

काउंटरवर ‘माझे दिवस कधी वाढणार?’ हा प्रश्न वारंवार येत असेल, तर नियमात ती तारीख सुटली आहे. जुना मेसेज आधीच फिरला असेल, तर त्यावर विश्वास ठेवून आलेल्यांना जुन्याच नियमाने द्या, आणि नवा नियम पुढच्या १ तारखेपासून लागू असल्याचं त्याच ग्रुपवर टाका.