स्टार बॅटल अडलं की विभाग मोजा

स्टार बॅटल या चौकटीच्या घरांत तारे बसवायच्या कोड्यात तारे एकमेकांना, अगदी तिरकेही, चिकटत नाहीत. पण नुसतं तेवढंच बघत बसलं की कोडं अडतं. तेव्हा विभाग मोजावेत.

समजा, १० × १० चं, दोन ताऱ्यांचं कोडं आहे, म्हणजे प्रत्येक रांगेत, प्रत्येक स्तंभात आणि जाड रेषांनी आखलेल्या प्रत्येक विभागात दोनच तारे.

१. वरच्या तीन रांगा घ्या. त्यांत तारे सहाच.
२. पूर्णपणे या रांगांमध्येच मावणारे विभाग शोधा. असे तीन सापडले, तर सहाही तारे त्यांचेच.
३. चौथ्या विभागाची दोन घरं खालून तिसऱ्या रांगेत घुसली असतील, तर त्या दोन्हींवर बिनधास्त फुली मारा.

स्तंभांनाही हाच हिशेब लागू. मी कडेपासूनच सुरुवात करते, तिथे असे विभाग पटकन दिसतात.

मात्र विभागाचं एक जरी मोकळं घर चौथ्या रांगेत उतरत असेल, तर तो मोजू नका. त्या घरावर आधीच फुली असेल तर चालेल.